आमची वाटचाल : मराठीतून सुरू होणारा इंग्रजीचा क्लास

इचलकरंजीत स्पोकन इंग्लिशचे क्लास कमी नाहीत. आम्ही २०१२ मध्ये मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत सुरुवात केली, तेव्हा समोरच्याच इमारतीवर ‘वर्गात फक्त इंग्रजी’ असा मोठा फलक होता. आमच्या खोलीतून बाहेर ऐकू जायची ती मराठी. चौकशीला येणारे पालक जिन्यातच थबकायचे आणि विचारायचे, ‘मॅडम, इथं मराठीच बोलतात होय?’

त्याआधी मी दुसऱ्या शहरात अशाच एका ‘फक्त इंग्रजी’ क्लासमध्ये शिकवत होते. मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच रुपये दंड. तिथे बोलायची ती आधीपासून बोलता येणारी चार मुलं, आणि बाकीचे महिनाभर मान डोलवत बसायचे. तिथून बाहेर पडताना एवढंच ठरवलं होतं की आपल्याकडे इंग्रजीचं प्रमाण वाढत जाईल, पण पहिल्या दिवशी ते जवळजवळ नसेल.

आमचा कोर्स बारा आठवड्यांचा, रोज दीड तास, आणि बॅच चौदाजणांचीच. वेगवेगळ्या बॅचेस आहेत, पण ज्या बॅचने आम्हाला नाव मिळवून दिलं ती दुपारची, इंग्लिश मीडियममध्ये मुलं घातलेल्या आयांची. डायरीतल्या सूचना वाचता येतात, पण बाईंसमोर उभं राहिलं की बोलता येत नाही, ही त्यांची अडचण.

पहिल्या आठवड्यात इंग्रजी फक्त सूचनांपुरतं असतं : ‘लिसन’, ‘से इट अगेन’, ‘युवर टर्न’, ‘राइट इट डाऊन’. समजावणं, गप्पा, हजेरी, सगळं मराठीत. नियम एकच, आणि तो शिक्षकासाठी आहे : जी गोष्ट एकदा इंग्रजीत गेली ती परत मराठीत आणायची नाही. ‘वही काढा’ हे तिसऱ्या दिवशी इंग्रजीत गेलं की बाराव्या आठवड्यापर्यंत इंग्रजीतच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हजेरी आणि विचारपूस जाते. मग ओळखीच्या विषयावरचे प्रश्न. मग गोष्ट सांगणं, आणि त्यानंतर आधी शिकलेल्या भागाची उजळणी. नवं व्याकरण मात्र आम्ही शेवटच्या आठवड्यातही मराठीतच सांगतो. त्यावरून मी कितीतरी वाद घातलेत, पण मत बदललेलं नाही.

नवं वाक्य पहिल्यांदा येतं तेव्हा आम्ही ते इंग्रजीत म्हणतो, लगेच हळू आवाजात मराठी अर्थ सांगतो, आणि पुन्हा इंग्रजीत म्हणतो. वर्गाने म्हणायचं ते तिसऱ्या वेळी. वेल्समधल्या डॉडसन यांनी १९६० च्या दशकात शिकणाऱ्याच्या भाषेचा आधार घेऊन शिकवण्याची पद्धत मांडली होती, तिच्याशी हे मिळतंजुळतं आहे. मराठी अर्थ शब्दाला शब्द देत नाही. बोलण्यात जसा येतो तसा देतो. ‘आय ॲम हंग्री’ म्हणजे ‘भूक लागलीय’. ‘मी भुकेली आहे’ असं सांगितलं तर बायका हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

व्याकरण मराठीत का, ते एका वाक्यावरून सांगते. दुपारच्या बॅचमधल्या एका ताईंना शाळेत सांगायचं होतं : ‘माझी मुलगी काल आली नव्हती. तिला ताप आला होता.’ दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वाक्य केलं, ‘येस्टरडे माय डॉटर हॅड नॉट कम. टू हर फीवर हॅड कम.’ तेव्हा मी काहीच दुरुस्त केलं नाही, नुसतं वहीत टिपून ठेवलं. आपण मराठीत ‘काल बाजारात गेले होते’ असं सहज म्हणतो. त्या ‘होते’मुळे काही बिघडत नाही, साधी कालची गोष्ट असते. इंग्रजीतला ‘हॅड गॉन’ मात्र सहसा दुसरी एखादी घटना शोधत असतो : त्या पोचल्या, त्याआधीच बस गेलेली होती. हा फरक इंग्रजीतून समजावला तर समोरच्याला दोन घटनांचा नियम पाठ होतो, पण स्वतःच्या मराठीतला ‘होते’ तिथे नडतोय हे कधीच कळत नाही.

चौथ्या आठवड्यात हे मराठीत घेतलं. फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली आणि विचारलं, यातल्या कुठल्या वाक्यात एकाआधी दुसरी गोष्ट घडलीय? वर्गाने स्वतःच निवडलं. ताईंची दोन्ही वाक्यं त्यात बसेनात. मग पहिलं झालं ‘शी डिड नॉट कम येस्टरडे’. दुसरं झालं ‘शी हॅड अ फीवर’, आणि लगेच तक्रार आली, ‘मॅडम, हॅड चालत नाही म्हणालात ना?’ इथला हॅड वेगळा, ‘तिच्याकडे होतं’ मधला. मराठीत ताप येतो, इंग्रजीत माणसाकडे ताप असतो. एवढं मराठीत सांगायला पाच मिनिटं पुरली. नवव्या आठवड्यात त्याच ताईंनी शाळेतल्या बाईंचं सोंग घेऊन दुसरीची उलटतपासणी इंग्रजीत केली, आणि मी मागे बसून होते.

सगळ्यात कठीण आठवडा सहावा. तोवर बोलण्यातलं जवळजवळ निम्मं इंग्रजी झालेलं असतं आणि गळती इथेच होते. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही, सगळे ‘यस’ म्हणतात. आम्ही विचारतो, ‘मी आत्ता काय म्हणाले ते मराठीत सांगा.’ तिघी-चौघी अडल्या तर त्या आठवड्यात इंग्रजी वाढवायचं थांबवतो. मागे मात्र जात नाही. आणखी एक खूण म्हणजे नकारार्थी प्रश्न. ‘यू डिड नॉट ब्रिंग युवर बुक?’ याला ‘यस’ असं उत्तर आलं, म्हणजे ती ‘हो, नाही आणलं’ असा मराठीतच विचार करतेय. दहाव्या आठवड्यापर्यंत हे टिकलं तरी मी घाबरत नाही, फार उशिरा सुटणारी सवय आहे ती.

धंद्याच्या बाजूने खरी डोकेदुखी शिक्षक मिळण्याची. उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या मुली येतात, पण त्यांना ‘गेले होते’चं काय करायचं ते सुचत नाही. मराठी पक्की असलेले शिक्षक दमले की नकळत मराठीत घसरतात, आणि वर्गही त्यांच्यासोबत खूश असतो. म्हणून दर पंधरवड्याला एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि शिक्षक स्वतःच ऐकून मराठीची मिनिटं मोजतो. आठव्या आठवड्यात ती चौथ्या आठवड्याइतकीच भरली, तर अडखळतोय तो वर्ग नाही.

डेमो लेक्चरची पद्धतही त्यामुळे बदलली. पहिल्या आठवड्यातला वर्ग पाहून लोक परत जायचे. आता चौकशीला आलेल्यांना त्याच दिवशी दोन वर्गांत बसवतो, एक नवा आणि एक दहाव्या आठवड्यातला. फी त्यानंतरच सांगतो.

आमच्या बोलण्याची सवय झालेल्यांना दुसऱ्याचं इंग्रजी कळत नाही, ही कमतरता आहेच. शेवटचे तीन आठवडे त्यासाठी दुसऱ्या बॅचचे शिक्षक बोलावतो, पण तेही आमच्याच भागातले.

यंत्रमागाच्या गावात घरची बोली मराठीच असेल असं नाही. कन्नड घरातल्या मुलींची मराठी चांगली असते, त्या आमच्या वर्गात सामावतात. उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतल्या बायका मात्र हिंदी बॅच मागतायत. ‘मैं कल गयी थी’मध्येही हॅडचीच अडचण आहे, तेवढा धडा तसाच चालेल. बाकीचे धडे नव्याने बांधावे लागतील, आणि ते बांधायला घरात हिंदी बोलणारी शिक्षिका हवी. तशी मिळेपर्यंत नावं नोंदवून घेतोय, फी घेत नाही.