चौदाचे अठरा

मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जांमध्ये जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज लोक सगळ्यात लांबलचक लिहितात. रजेचा अर्ज चार ओळींत उरकतो, बोनाफाईडचा तर तीनच ओळींत. पण तारीख चुकली म्हटलं की लेखणीला पाय फुटतात. मुलगी किती हुशार आहे, प्रवेशाच्या वेळी घरात कोण आजारी होतं, पुढे तिला डॉक्टर करायचं आहे, सगळं येतं, आणि शेवटी 'आपण थोर मनाचे आहात'. पुण्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे असे अर्ज मी ढिगाने वाचले आहेत. दोन पानं वाचून झाली तरी रजिस्टरमध्ये तारीख काय आहे आणि हवी कोणती, हे पेन्सिल घेऊन शोधावं लागायचं.

आता निवृत्त झालोय, तरी सोसायटीतल्या लोकांना माझी जुनी खोड माहीत आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा (मुलगा कसला, त्याचीच मुलगी तिसरीत आहे) असाच एक अर्ज घेऊन आला. "काका, जरा नजर टाकता का?" शाळेतून निरोप आला होता की मुलीचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, तयार होत नाही, कारण शाळेच्या नोंदीतली तारीख आणि आधारवरची तारीख जुळत नाही. आधारवर १४ ऑगस्ट २०१७, शाळेत १८ ऑगस्ट २०१७. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला शहाणपणाचा सल्लाही दिला होता: चार दिवसांचा तर प्रश्न, आधारच बदलून १८ करून टाक, ऑनलाइन होतं.

म्हटलं, बाबा रे, तेवढं करू नकोस. आधारवरची तारीख जन्मदाखल्यावरून आलेली आहे आणि ती बरोबर आहे. आधारवर जन्मतारीख बदलायची मुभा एकदाच मिळते; ती बरोबरची चूक करण्यात घालवलीस, तर पुढे पासपोर्टच्या वेळी जन्मदाखला एक सांगणार आणि आधार दुसरंच. चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त व्हायला हवी, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला त्या रजिस्टरवरूनच उतरतो.

आता ही चूक झाली कशी? आधी शाळेतून प्रवेश अर्जाची प्रत माग, असं मी त्याला सांगितलं. तारीख चुकली की बहुतेक पालक थेट नवा अर्ज लिहायला बसतात, जुना अर्ज कुणी बघत नाही. प्रत आली आणि उलगडा झाला. प्रवेश अर्ज मुलीच्या आजोबांनी भरला होता, सुवाच्य, देवनागरी आकड्यांत. पण आजोबांच्या ४ ची वरची दोन टोकं एकमेकांना टेकत होती. तो ४ राहिला नव्हता, इंग्रजी 8 झाला होता. ज्याचं सगळं काम संगणकावर इंग्रजी आकड्यांत चालतं, त्याने १४ चे अठरा वाचले तर त्याला तरी काय बोलणार! तारखेतला खरा आठ, ऑगस्टचा, शेजारीच देवनागरीत लिहिलेला होता. दोन्ही आकडे ताडून पाहिले असते तर कळलं असतं. पण जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात ताडून पाहायला वेळ कुणाला असतो?

खरं तर असल्या चुका टळाव्यात म्हणूनच जनरल रजिस्टरमध्ये तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची असते. पण अक्षरी लिहिताना कारकुनाने जन्मदाखल्याकडे पाहायला हवं. बहुतेक जण पाहतात ते वर स्वतःच लिहिलेल्या आकड्याकडे. इथेही 'अठरा ऑगस्ट दोन हजार सतरा' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. अक्षरी नोंदीने चूक धरली नाही, उलट पक्की केली.

त्याचा दोन पानी अर्ज बाजूला ठेवून आम्ही नवा लिहिला. तो असा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय: जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेची दुरुस्ती.

महोदय, माझी मुलगी कु. (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर क्रमांक अमुक आहे. रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख १८/०८/२०१७ (अठरा ऑगस्ट दोन हजार सतरा) अशी आहे. पुणे महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यानुसार ती १४/०८/२०१७ (चौदा ऑगस्ट दोन हजार सतरा) आहे. जन्माची नोंदणी २५/०८/२०१७ रोजी, म्हणजे शाळाप्रवेशापूर्वी झालेली आहे. प्रवेश अर्जातील देवनागरी ४ हा इंग्रजी आठ असा वाचला गेल्याने ही तफावत झाली असावी. कृपया मूळ अर्ज पडताळून पाहावा. या दुरुस्तीमुळे पहिलीच्या प्रवेशाच्या वयाच्या अटीत फरक पडत नाही. तरी नोंद दुरुस्त करण्याचा प्रस्ताव मा. शिक्षणाधिकारी यांच्याकडे मंजुरीसाठी पाठवावा, ही विनंती."

खाली सही, तारीख आणि सोबत जोडलेल्या कागदांची नावं. संपला अर्ज.

"एवढंच? विनवणी नको?" त्याने विचारलं. नको. हा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने असला, तरी तो वाचून निर्णय घेणारा माणूस दुसराच असतो. शाळेत शिकणाऱ्या मुलाची जन्मतारीख मुख्याध्यापक आपल्या अधिकारात बदलू शकत नाहीत, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मुख्याध्यापक कागद तपासून प्रस्ताव पुढे पाठवतात. म्हणून 'तारीख बदलून द्यावी' असं लिहिलं की त्यांची पंचाईत होते. 'प्रस्ताव पाठवावा' असं लिहिलं की आपला अर्ज ते जसाच्या तसा सोबत जोडू शकतात.

त्या वरच्या टेबलावर शंका एकच असते: पालकांना तारीख बदलून काही फायदा तर उकळायचा नाही ना? त्या शंकेला अर्जातली दोन वाक्यं उत्तर देतात. पहिलं नोंदणीच्या तारखेचं. जन्मदाखल्यावर जन्माची तारीख असते तशी नोंदणीचीही असते. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. नोंदणी त्या मुदतीतली असेल तर दाखल्याला वजन असतं, कारण तेव्हा शाळा कुणाच्या डोक्यातही नसते. नोंदणी शाळाप्रवेशानंतर, उशिरा करून घेतलेली असेल तर तोच दाखला भिंग लावून वाचला जातो. मग दवाखान्याचा कागद, लसीकरणाचं कार्ड, असं मागचं काय काय काढावं लागतं. दुसरं वाक्य वयाचं. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. ही मुलगी २०२३च्या जूनमध्ये पहिलीत गेली. १४ धरा नाहीतर १८, डिसेंबरच्या आत तिला सहा पूर्ण होतातच. पण जानेवारीतला जन्म डिसेंबरात नोंदवून प्रवेश झाला असेल, तर खरी तारीख लावली की प्रवेशच नियमात बसत नाही. ते प्रकरण वेगळं आणि अवघड. तिथे एका अर्जाने भागत नाही.

पुण्यात आणखी एक मोह असतो. शिक्षण आयुक्तालय इथेच, एसएससी बोर्डाचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. माणसाला वाटतं, रिक्षा केली की थेट वरच जाता येईल. जाता येतं, आणि वरचे लोक चहाच्या वेळेपर्यंत बसवून घेऊन 'शाळेमार्फत या' असं सांगतात. शाळेच्या खिडकीशी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज कधी दिलाच नव्हता असं धरून चालतात, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने सांगतोय.

मी त्याच्या मागे घाईचा लकडा लावला, त्याला कारण आहे. मुलगी शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती परवानगीने होते. शाळा सोडून दाखला हातात पडला की नियम आवळतो, मग उघड दिसणाऱ्या लेखनातल्या चुकीपुरतीच वाट उरते आणि ती चूक उघड आहे हे पटवण्यात वर्षं जातात.

आमच्या घरात हा अर्ज कुणी लिहिलाच नाही. माझा थोरला भाऊ पानशेत फुटल्यानंतर आठवड्याभराने जन्मला. १२ जुलै १९६१ला पुण्यात पूर आला, त्यामुळे त्याचा जन्म कधीचा याबद्दल घरात कधी वाद झाला नाही. शाळेत मात्र त्याची तारीख १ जून १९६१. त्या काळी गुरुजी पोराची उंची बघायचे, वय जूनमध्ये बसवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात त्या पिढीचे निम्मे लोक १ जूनलाच जन्मले की काय, असं सरकारी कचेऱ्यांतले ३१ मेचे निरोप समारंभ पाहून वाटायचं. असा कागदोपत्री पूर यायच्या आधीच जन्मलेला आमचा भाऊ सरकारी नोकरीत लागला आणि ३१ मे २०१९ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. खऱ्या तारखेने ३१ जुलैला झाला असता. दोन महिन्यांचा पगार गेला तो गेलाच, पण १ जुलैची वेतनवाढही हुकली, आणि तिच्यावर बसणारं पेन्शनही. सेवापुस्तकातली तारीख बदलायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. त्याला हे कळलं तेव्हा तो हेडक्लार्क झाला होता. पानशेतची आठवण काढली की तो अजूनही आधी त्या वेतनवाढीचा हिशेब सांगतो, पुराचं नंतर.

खालच्या मजल्यावरच्या मुलीची मंजुरी आली तेव्हा दुरुस्ती कशी होते ते बघायला मी मुद्दाम त्याच्याबरोबर शाळेत गेलो. जुन्या तारखेवर लाल शाईची एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर नवी तारीख, अंकी आणि अक्षरी. शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, शेजारी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही. व्हाइटनर लावलेली नोंद पुढे कुठेही टिकत नाही. त्याच दिवशी रजिस्टरचा साक्षांकित उतारा मागून घेतला आणि पोर्टलवरची तारीख बदलली की नाही तेही तिथेच उभं राहून बघितलं, कारण वही दुरुस्त होते आणि संगणक राहून जातो, हे नेहमीचंच.

एक गोष्ट मात्र राहिली. वर्गातल्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता असतो, तो शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येत नाही. त्यावर ती अजून १८ लाच आहे. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी नवा तक्ता करू तेव्हा बदलू. मुलीची काही तक्रार नाही. घरी १४ ला केक कापायचा आणि शाळेत १८ ला चॉकलेटं वाटायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलंय.