माझा अनुभव : फेजचं बटण दाबूनही पोकळच राहिलेला आवाज

मुलाखतीच्या फाइलमध्ये डाव्या चॅनलवर कॉलर माइक होता आणि उजव्यावर बूम, म्हणजे दांड्यावर टांगलेला माइक. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही स्वच्छ. हेडफोनवर एकत्र ऐकताना आवाज डोक्याच्या मध्यभागी बसत नव्हता, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. फाइल मोनो करून ऐकली आणि पितळ उघडं पडलं. आवाजातला खर्ज गायब, उरलेला पातळ आणि पोकळ, पाइपातून बोलल्यासारखा.

यावर ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ‘एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी कर.’ फेजचं बटण दाबून तसं केलं, म्हणजे लहरीचं वरचं खाली आणि खालचं वर केलं. खर्ज परत आला, पोकळपणा मात्र हलला नाही. माझा बहुतेक वेळ इथेच गेला, आणि त्याचं कारण म्हणजे एका फाइलमध्ये दोन दुखणी होती. एका माइकची लहर उलटी होती आणि शिवाय ती उशिरा येत होती. बटण फक्त पहिल्यावर चालतं.

उशिराचा हिशेब सोपा आहे. तोंडापासून कॉलर माइक २० सेंटिमीटरवर होता, बूम ८८ वर. फरक ६८ सेंटिमीटर. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे बूमला तोच शब्द साधारण २ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज सेकंदाला ४८ हजार वेळा मोजला जातो, अशी एकेक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. त्या हिशेबाने हे ९५ सॅम्पल झाले. दोन्ही ट्रॅक सारख्याच जोराने मिसळले, की २ मिलिसेकंदांच्या उशिरामुळे २५०, ७५०, १२५० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज गळून जातो, आणि पुढेही दर ५०० हर्ट्झवर पडत जातात. पोलॅरिटी उलटी असेल तर तेच खड्डे सरकून ५००, १०००, १५०० वर जातात, शिवाय अगदी खालचा खर्जही कापला जातो. म्हणून बटण दाबल्यावर खर्ज परततो, पण खड्डे जागा बदलतात, बुजत नाहीत. इक्वलायझरने ते भरायला जाऊ नका. तिथे उचलायला काही शिल्लकच नसतं.

म्हणून बूमचा ट्रॅक पुढे ओढायला घेतला. बटणाचा काही उपयोग होत नाही असं वाटून पोलॅरिटी मी पुन्हा होती तशी करून ठेवली होती, ही पहिली घोडचूक. दुसरी म्हणजे जुळवणीसाठी एक लांब ‘आ’ निवडला, कारण त्याची लहर पडद्यावर मोठी आणि सुबक दिसते. कॉलर माइकच्या शिखराखाली बूमचं शिखर आणून बसवलं. चित्र बरोबर जुळलं, तो ‘आ’ भरदारही वाटला. पुढच्याच वाक्यात बोलणाऱ्याने स्वर चढवला आणि आवाज पुन्हा पोकळ.

फसगत अशी होती. तो ‘आ’ साधारण १२० हर्ट्झचा होता, म्हणजे लहरीचं एक आवर्तन सुमारे ४०० सॅम्पलचं. उलटी झालेली लहर अर्धं आवर्तन, म्हणजे २०० सॅम्पल सरकवली, की ती सुलट लहरीसारखीच दिसते. मी ९५ च्या जागी २९५ सॅम्पल ओढले होते. स्वर १६० हर्ट्झवर गेला की अर्धं आवर्तन १५० सॅम्पलचं होतं, मग ती खोटी जुळणी मोडते. ‘स’ आणि ‘श’ तर पहिल्यापासून बिघडलेलेच होते, कारण त्यांना आवर्तन नसतंच. स्वर बरे आणि ‘स’ पोकळ असं ऐकू आलं, तर जुळणी चुकीच्या शिखरावर झाली आहे असं समजायचं.

जुळवायचं ते शांततेनंतर येणाऱ्या ‘ट’ किंवा ‘क’ वर. ‘प’ नको, त्याचा वारा कॉलर माइकवर आपटतो आणि लहर वेडीवाकडी होते. एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसेपर्यंत चित्र मोठं करायचं आणि शिखर न बघता, रेषा शून्यावरून पहिल्यांदा कुठे हलते ते बघायचं. माझ्या फाइलमध्ये कॉलर माइकची रेषा वर गेली आणि ९५ सॅम्पलनंतर बूमची खाली गेली. एकाच ‘ट’ मध्ये दोन्ही दुखणी दिसली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ एक टाळी वाजवून घेतली असती, तर ही शोधाशोध वाचली असती.

शेवटचे दोन-चार सॅम्पल डोळ्यांनी नाही, कानांनी ठरतात. कान भरदारपणापेक्षा गायब होणं नेमकं पकडतो, म्हणून लहरी एकमेकींविरुद्ध असतानाच मोनो ऐकत ट्रॅक एकेक सॅम्पल सरकवायचा. जिथे आवाज सर्वांत बारीक आणि क्षीण होतो ती खरी जागा. तिथेच पोलॅरिटी उलटवायची. तेव्हा जो भरदारपणा येतो तो ऐकून माझा सगळा वैताग उतरला.

तरीही काही ठिकाणी पोकळपणा डोकावत राहिला, कारण माणूस हलतो. तो बूमच्या दिशेने १० सेंटिमीटर झुकला की उशीर १४ सॅम्पलनी बदलतो आणि १७०० हर्ट्झच्या आसपास नवा खड्डा पडतो. प्रत्येक हालचालीमागे ट्रॅक सरकवत बसणं हा वेडेपणा आहे. त्यापेक्षा एक माइक मुख्य ठेवून दुसरा १० डेसिबलने खाली घ्यावा. मग सर्वांत वाईट क्षणीही खड्डा जेमतेम ३ डेसिबलचा होतो, तो सहसा कुणाला खटकत नाही. दुसऱ्या माइकची गरज फक्त कॉलर माइकवर कपडा घासतो तेवढ्यापुरती असेल, तर तेवढ्याच तुकड्यात तो वापरून एरवी बंद ठेवणं मला जास्त पटतं.

हाताने एकदा आकडे कळले, की ffmpeg या प्रोग्रॅमची एवढी आज्ञा पुरते. यात कॉलर माइक ९५ सॅम्पल मागे नेला आहे, बूम उलटवून सुमारे १० डेसिबल खाली घेतला आहे :

```
ffmpeg -i in.wav -af "adelay=95S|0,pan=mono|c0=0.7*c0-0.22*c1" out.wav
```

हे सगळं दोन चॅनल वेगळे असतील तरच. कुणी आधीच मोनोत मिसळून दिलेली फाइल अशी सोडवता येत नाही, मूळ ट्रॅक मागावेच लागतात. आणि दोन माइक दोन वेगळ्या रेकॉर्डरवर असतील तर एकदा जुळवून भागत नाही. दोन्ही घड्याळांत दहा लाखांत २० इतका फरक असला, तरी मिनिटाला १.२ मिलिसेकंद घसरण होते. अशा वेळी शेवटचा ‘ट’ ही मोजायचा आणि एक ट्रॅक त्या प्रमाणात ताणायचा.

उलट्या लहरीचं मूळ बूमच्या केबलमध्ये निघालं. एक्सएलआरच्या एका टोकाला पिन २ आणि ३ च्या तारा अदलाबदल करून डाग दिलेला होता. नुसत्या त्या केबलवर एकच माइक लावला तर काही कळत नाही, म्हणून ती कित्येक दिवस बिनबोभाट चालली असणार. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पिन २ ते पिन २ बीप वाजते का, एवढंच बघायचं.