घडीत लपलेला सर्व्हिस चार्ज

बेळगावातल्या एका हॉटेलचं चुरगळलेलं बिल व्हॉट्सअॅपवर आलं आणि हिशेब माझ्याकडे. वाचता येत होतं ते एवढं: व्हेज कोल्हापुरी 360, पनीर 220, रोटी 200, सोलकढी 160. जिरा राईसचा दर 120, पण नग आणि रक्कम घडीत गेलेली. त्याखालच्या दोन ओळी पांढऱ्या. मग सीजीएसटी 32.45, एसजीएसटी 32.45 आणि एकूण 1363.

अशा वेळी वरून बेरीज करत बसू नका, खालून वर या. साध्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. म्हणजे 32.45 ला 0.025 ने भागलं की कर ज्या रकमेवर लावला ती मिळते: 1298.

इथेच गाडी अडली. वाचता आलेल्या चार पदार्थांचे 940 होतात. 1298 मधून ते वजा केले की 358 उरतात, आणि 120 च्या दराने 358 होऊच शकत नाहीत. दोन प्लेट म्हणजे 240, तीन म्हणजे 360. दोन रुपयांचा फरक ‘राउंड ऑफ’ म्हणून सोडून द्यावासा वाटतो, पण तो सोडायचा नाही. राउंड ऑफ कर लावल्यानंतर शेवटी होतो आणि रुपयाच्या आतच असतो. कर पैशांपर्यंत छापलेला असेल तर या भागाकारात फार तर वीस पैशांची चूक येते. (कर पूर्ण रुपयांत छापला असेल तर मात्र वीस रुपये इकडेतिकडे होतात, तेव्हा ही युक्ती चालत नाही.)

म्हणून 1298 ला 1.10 ने भागून पाहिलं. बरोबर 1180 आले. त्यातून 940 गेले, उरले 240, म्हणजे दोन प्लेट जिरा राईस. घडीत 10 टक्के सर्व्हिस चार्ज होता, 118 रुपये, आणि त्यावरही कर लागला होता. तो नसता तर बिल 1239 झालं असतं. फरक 124 रुपयांचा!

कराचा हिशेब चुकलेला नव्हता, कारण घेतलेल्या सर्व्हिस चार्जवर जीएसटी लागतोच. राग त्या 118 चा आहे. न विचारता तो बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलंय. काउंटरवरच काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करा.

जीएसटी नंबरही बघा, त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: बेळगावात तो 29 ने सुरू होतो, शिनोळीपलीकडे चंदगडकडे गेलात की 27 ने. जेवणारा कुठल्याही राज्यातला असो, अशा बिलावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा कर, येत नाही. आणि बिलावर ‘कंपोझिशन’, म्हणजे छोट्या व्यावसायिकांची सोपी करयोजना, असं लिहिलं असेल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही.

मूळ कागद हाती असेल तर इस्त्री अजिबात फिरवू नका, उष्णतेने थर्मल कागद काळा पडतो. काचेखाली सपाट दाबून बाजूच्या उजेडात फोटो काढा.