सगळ्यात जागा होता म्हणून गाडी त्याच्याकडे

रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका सरकारी रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर होते, तेव्हाची ही गोष्ट. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शनिवारची रात्र, सव्वादोनचा सुमार. रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळी गाडीसकट मांडव्याला उतरतात, त्यामुळे आमच्या कॅज्युअल्टीत शनिवार-रविवार वेगळाच असतो. हवालदार दोन मुलांना घेऊन आले. एकाच्या डोक्याला रुमाल बांधलेला, तो बाकावर बसल्याबसल्या पेंगत होता. दुसरा ताठ उभा, डोळे टक्क उघडे. गाडी तोच चालवत होता. वळणावर एका वाडीच्या जांभ्याच्या गडग्याला गाडी घासली आणि पुढे उभी असलेली एक स्कूटर चिरडून थांबली. स्कूटरवर कोणी नव्हतं, हे नशीब.

"मॅडम, ड्रंक अँड ड्राइव्हची केस आहे. तपासणी आणि ब्लड," हवालदारांनी पत्र पुढे केलं.

मी आधी पेंगणाऱ्याकडे वळले, कारण डोक्याला मार आणि झोप ही जोडी मला आवडत नाही. पण हाक मारली की तो नीट जागा होत होता, नाव-गाव-वार बरोबर सांगत होता, बाहुल्या सारख्या होत्या. उलटी नव्हती. चार टाके घालून त्याला निरीक्षणाखाली ठेवलं. मग ड्रायव्हरकडे आले.

तो मुलगा इतकं स्वच्छ बोलत होता की मी थोडी गोंधळले. "मॅडम, मी एकदम ओके आहे. समोरून कुत्रा आला. तुम्ही काहीही विचारा." आमच्या तपासणीच्या फॉर्मवर तोंडाला वास, कपडे, बोलणं, चाल, बाहुल्या, स्मरण असे रकाने असतात. वास येत होता. पण बोलणं स्पष्ट, स्मरण ठीक, कपडे नीटनेटके. रात्री अडीचला माणसाला कागद संपवायची घाई असते. "दारू घेतली आहे, पण अमलाखाली नाही" असं लिहायच्या मी अगदी जवळ आले होते.

आमच्या सिस्टर टाक्यांचा ट्रे आवरत होत्या. त्या नुसतं म्हणाल्या, "मॅडम, फरशीच्या रेघेवरून चालवून बघा की."

टाचेला पाऊल लावत सरळ चालायचं. तीन पावलं बरी पडली, चौथ्याला तो बाजूला झुकला आणि स्ट्रेचरचा दांडा पकडला. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावायला सांगितलं, ते गालावर गेलं. माझ्या बोटाकडे बघत नजर कडेला नेली की बुबुळं थरथरत होती. नाडी 116, रक्तदाब 150 वर 90, हाताला बारीक कंप. छातीत धडधडतंय असं तो स्वतःच म्हणाला, म्हणून ईसीजी काढला. ठोके जलद होते, पण लय नियमित होती.

वरून जागा आणि आतून पुरता झिंगलेला, असं हे प्रकरण होतं. मी विचारलं, "काय काय घेतलंस?"

"व्होडकाच. पण एनर्जी ड्रिंकमधून. म्हणून तर चढली नाही."

पाच मित्र. साडेनऊला बसले. जखमी मुलगा लिंबू-सोड्यातून पीत होता. साडेअकरापर्यंत त्याचे चार छोटे पेग झाले, त्याला झोप अनावर झाली आणि तो सोफ्यावर आडवा झाला. आमचा ड्रायव्हर एनर्जी ड्रिंकचे कॅन फोडून त्यात व्होडका ओतत होता. 250 मिलीचे तीन कॅन आणि त्याच्या हिशेबाने सात पेग. दीडला कोणाला तरी बुर्जी-पाव खायची हुक्की आली. गाडी कोण चालवणार? बाकी सगळे लुडकलेले. हा एकटा टवटवीत, म्हणून किल्ली याच्याकडे. झोपलेल्याला उठवून सोबतीला घेतलं, इतकंच.

नंतर पहाटे चहा घेताना मी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. आपल्याकडच्या व्होडकाच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोघांचंही वजन 65 किलोच्या आसपास. पुरुषाच्या शरीरात अल्कोहोल वजनाच्या साधारण 68 टक्के भागात पसरतं असं धरतात, म्हणजे इथे 44 किलोत. सात पेगचे 70 ग्रॅम 44 किलोत वाटले की रक्तात 100 मिलीमागे 160 मिलिग्रॅमच्या जवळ जातं. यकृत तासाला 15 च्या आसपास उतरवतं. सव्वाचार तासांचे सुमारे 65 वजा केले, तर अपघाताच्या वेळी ड्रायव्हर 95 च्या घरात. कायद्याची मर्यादा 30.

आता झोपाळूचा हिशेब. चार पेग, 40 ग्रॅम, म्हणजे 90. त्यातून तेच 65 गेले की उरले 25. हा सगळा अंदाजी हिशेब आहे. पोटात जेवण किती, पेग ओतणाऱ्याचा हात किती सैल, यावर आकडे हलतात, आणि 25 असताना गाडी चालवावी असंही मी म्हणत नाही. पण त्या खोलीत त्यांनी ज्याला 'गेलेला' ठरवलं तो जवळजवळ उतरला होता, आणि ज्याला 'शुद्धीतला' ठरवलं तो मर्यादेच्या तिप्पट होता.

हे का होतं ते मला स्वतःच्या नाइट ड्यूटीवरून चांगलं कळतं. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. दारू हे अ‍ॅडेनोसिन आणखी वाढवते, म्हणून पिणाऱ्याला पेंग येते. कॅफिन काय करतं, तर एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतं. अ‍ॅडेनोसिन गाडीत चढतं, पण त्याला बसायला जागा नसते. म्हणून झोप कळत नाही.

पण दारू मेंदूत एकाच ठिकाणी काम करत नाही. तोल सांभाळणारा भाग, अंतराचा अंदाज, 'हे करू नको' म्हणणारा भाग, हे सगळं ती इतर मार्गांनी मंद करते आणि तिथे कॅफिनचा रुमाल पोचत नाही. रक्तातली दारू तर मिलिग्रॅमनेही कमी होत नाही. 2006 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी 26 तरुणांवर हेच तपासलं होतं. नुसती व्होडका आणि एनर्जी ड्रिंकमधली व्होडका यांची तुलना केली. मिसळून प्यायल्यावर डोकं दुखणं, अशक्तपणा, हातापायांचा गोंधळ कमी जाणवतो असं मुलं म्हणाली. प्रत्यक्ष मोजल्यावर हातांचा मेळ आणि दिसल्यावर प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ, दोन्ही नुसत्या व्होडकाइतकेच बिघडलेले निघाले.

पुढचा भाग त्या रात्रीने मला शिकवला. झोप येणं हा पिणाऱ्याचा ब्रेक असतो. कोणी समजून-उमजून 'आता पुरे' म्हणून थांबतो असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक जण डोळे मिटायला लागले म्हणून थांबतात. झोपाळूचा ब्रेक साडेअकराला लागला. ड्रायव्हरचा लागलाच नाही, म्हणून त्याच्या पोटात आणखी तीन पेग गेले. शिवाय गोड चवीत व्होडकाची जळजळ कळत नाही, घोट मोठे जातात. एकत्र पिण्याने आणखी प्यावंसं वाटण्याची इच्छाही वाढते असं काही प्रयोगांत दिसलं आहे. अर्थात दोन मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही. मुळात जो असं मिश्रण करतो तो स्वभावानेच जरा उडाणटप्पू असण्याची शक्यता असते, आणि सगळा दोष कॅनवर टाकणं सोपं पडतं. तरी अमेरिकेत कॅफिन आधीच मिसळलेली दारू कॅनमध्ये मिळायची, तेव्हा 2010 मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने चार कंपन्यांना इशारापत्रं धाडली होती. त्यातही धोका हाच सांगितला होता, की कॅफिनमुळे पिणाऱ्याला आपली अवस्था कळत नाही.

आपल्याकडे ते मिश्रण टेबलावर होतं. कॅनवर 'हाय कॅफिन' बारीक अक्षरांत छापलेलं असतं, पण अडीचशे मिलीत पाऊणशे मिलिग्रॅम म्हणजे किती हे कोण बघतो? याच्या अंगात सव्वादोनशे मिलिग्रॅम गेलं होतं. कॅफिनचा अर्धा भाग उतरायलाच पाच-एक तास लागतात.

रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नसते, नाहीतर कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. साध्या पाण्याने पुसून पाच सीसी घेतलं, सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत भरलं. ते नसलं तर वाटेत रक्त आंबून अल्कोहोलचा आकडा बदलू शकतो. लाखेचं सील लावून बाटली हवालदारांच्या हाती दिली. अहवाल पोलिसांकडे जातो, त्यामुळे माझा 95 बरोबर होता की नाही हे मला कळलं नाही. फॉर्मवर मात्र मी 'अमलाखाली' लिहिलं आणि चाल, बोट, बुबुळं यांचं वर्णन खाली दिलं.

तो पहाटे साडेचारपर्यंत जागाच होता. दर दहा मिनिटांनी येऊन "मॅडम, मी नॉर्मल आहे ना?" विचारायचा. साडेचारनंतर एकदम ओकला, मग बाकावर असा कोसळला की सिस्टरांनी त्याला कुशीवर वळवून ठेवला आणि तासभर नाडी बघत बसल्या. रुमाल उचलला गेला होता, आणि मागे ताटकळलेले सगळे प्रवासी एकदम बसले होते.

आठव्या दिवशी झोपाळू टाके काढायला आला. मुंबईत कुठेही काढता आले असते, पण स्कूटरवाल्याला पैसे द्यायलाही यायचं होतं म्हणे. मित्र बाहेर गाडीत बसला होता, आत आला नाही. मी कात्री लावली आणि सहज सांगितलं, त्या रात्री तुझा आकडा मित्राच्या पावपटीपेक्षा थोडाच जास्त होता.

तो हसला. "ग्रुपमध्ये मला कच्चा लिंबू म्हणतात मॅडम. चारलाच झोपतो म्हणून. पुढच्या वेळी तूही कॅनमधून घे, म्हणाले."

"मग?"

"मग काय, आई गं..." शेवटच्या टाक्याला चिमटा जरा जोरात लागला होता.