बॅटरी हवी की पैसे वाचवायचे?

फोन घ्यायला निघालेल्या माणसाला काय हवं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: बॅटरी दांडगी, स्टोरेज भरपूर आणि किंमत कमी. म्हणजे सगळंच. अशा उत्तरांचा सर्व्हे कितीही मोठा केला तरी हाती काही लागत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही असं झालं की माणूस खरं बोलू लागतो, आणि कॉन्जॉइंट अ‍ॅनालिसिस नेमकं तेच घडवून आणतं. वैशिष्ट्यं सुटी विचारायची नाहीत, त्यांची गाठोडी पुढे ठेवायची.

समजा किंमत १५ की १८ हजार, बॅटरी ४००० की ६००० एमएएच, स्टोरेज १२८ की २५६ जीबी. फोन आठ होतात, पण एका माणसापुढे चारच कार्डं ठेवली आणि दहापैकी गुण मागितले:

१५ हजार, ६०००, १२८ : ८
१५ हजार, ४०००, २५६ : ५
१८ हजार, ६०००, २५६ : ६
१८ हजार, ४०००, १२८ : १

कार्डं अशी निवडली आहेत की प्रत्येक पर्याय दोनदा येतो आणि दुसऱ्या वैशिष्ट्याच्या दोन्ही पर्यायांशी एकेकदा जोडला जातो. म्हणून साध्या सरासरीवर भागतं. मोठ्या बॅटरीची सरासरी ७, लहानीची ३, फरक ४. किमतीचा फरक तसाच ३, स्टोरेजचा जेमतेम १. गृहस्थांनी ‘बॅटरी’ हा शब्दही उच्चारलेला नाही, तरी कल उघडा पडला. न दाखवलेले फोनही आता जोखता येतात: पहिल्या कार्डाच्या ८ मधून बॅटरीचे ४ वजा केले की १५ हजार, ४०००, १२८ ला चार गुण पडतील, तर किमतीचे ३ वजा केले की १८ हजार, ६०००, १२८ ला पाच. तीन हजार जास्त मोजून ते मोठी बॅटरी घेतील.

आता मोह होतो तो रुपयांचा. तीन हजारांना तीन गुण, म्हणजे गुणाला हजार. स्टोरेजचे हजार, बॅटरीचे चार हजार. पहिला आकडा चालेल. दुसऱ्यावर माझा विश्वास नाही, कारण आपण किमतीत तीन हजारांपलीकडचा फरक दाखवलेलाच नाही. शिवाय चार कार्डांतून एकूण सरासरी आणि तीन फरक असे चार आकडे काढलेत, त्यामुळे उत्तर चुकलं की नाही हे ताडायला शिल्लक काहीच उरत नाही. एखाददुसरं जादा कार्ड ठेवावं, आणि अंदाज तिथे फसतो का ते बघावं.

‘बॅटरी सर्वांत महत्त्वाची’ हा निष्कर्षही जपूनच घ्यावा. किंमत १५ ते ३० हजार ठेवली असती, तर याच माणसाच्या उत्तरांत किमतीने बॅटरीला बहुधा मागे टाकलं असतं. महत्त्व वैशिष्ट्याचं नसतं, दाखवलेल्या पल्ल्याचं असतं. आणि अनेक माणसांची सरासरी तर आणखी फसवी: निम्म्यांना कॅमेरा हवा, निम्म्यांना बॅटरी, तर आकडेमोड दोन्ही अर्धंमुर्धं असलेला फोन सुचवते. तो कुणीच घेत नाही. म्हणून हिशेब माणसागणिक करावा, आणि गुण मागण्याऐवजी तीनतीन फोन ठेवून ‘यातला एक उचला’ म्हणावं. सोबत ‘यातला कुठलाच नको’ हाही पर्याय ठेवावा. दुकानातून हात हलवत परतणारी गिऱ्हाईकं काही थोडी नसतात.