कुकरची शिट्टी समेवर आणताना: माझा अनुभव

घरावरचं गाणं होतं. आठ मात्रांचा केरवा, लय मिनिटाला ७२ मात्रांची. त्यात कुकरची शिट्टी नुसती मागे कुठेतरी ऐकू यावी असं मला नको होतं. तिने ठेक्यात बसावं, आवर्तनाची सम दाखवावी आणि तीनदा यावी, कारण घरातलं कुणीतरी आतल्या खोलीतून शिट्ट्या मोजत असतं, हाच गाण्याचा विषय होता. चाल एका संध्याकाळी झाली, शब्द चार दिवसांत झाले. शिट्टीने मात्र तीन आठवडे खाल्ले, आणि त्यातले दोन एका साध्या चुकीपायी गेले. ती चूक आठवली की मला आजही चीड येते.

रेकॉर्डिंगचं आधी सांगतो. मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर पहिली शिट्टी घेतली तर ती सुरुवातीला दणकून आली आणि लगेच दबली. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून मोबाइल मोठा आवाज आपोआप खाली ओढतो आणि सलग सूंऽऽ असा आवाज नकोसा समजून पुसतो. शिट्टी म्हणजे तर बहुतांशी वाफेचा तो सूंकारच. मग साधा कंडेन्सर माइक घेतला. तो कुकरपासून दीड मीटरवर, वाफेच्या झोताच्या बाजूला ठेवला आणि पातळी अशी लावली की सर्वांत मोठा आवाज `-12 dB` च्या आसपास राहील. पंखा आणि फ्रीज बंद केले. कुकरमध्ये फक्त पाणी ठेवलं, भरपूर. शिट्टी लांबवायला कुणी झाकणावरच्या वजनाला हात लावू नये, चिमट्यानेही नाही.

माझी पहिली कल्पना अशी होती की शिट्ट्या जशा येतील तशाच सलग वाजू द्यायच्या आणि गाणं त्यांच्यावर बांधायचं. ते जमलं नाही. पहिल्या शिट्टीनंतरची अंतरं ५२, ४३, ३९ आणि ४१ सेकंद आली. आच तीच, पाणी तेच, तरी अंतर बदलतं, कारण वजन उचललं गेल्यावर किती वाफ निसटते आणि ते किती घट्ट परत बसतं हे दर वेळी सारखं नसतं. पण या आकड्यांतून एक गोष्ट हाती आली. ७२ च्या लयीत एक मात्रा ०.८३ सेकंदाची, म्हणजे ४८ मात्रा बरोबर ४० सेकंदांच्या. सहा आवर्तनांनी एक शिट्टी ठेवली तर ती खऱ्या कुकरइतक्याच वेळाने येते. म्हणून लय ७२ च ठेवली आणि शिट्ट्या सुट्या कापून हव्या तिथे लावायचं ठरवलं.

इथून अडलं. मिक्सिंगसाठी स्टुडिओला फाइल दिली. परत आली तेव्हा शिट्टी समेवर होती, पण कानाला ती उशिरा येत होती. तबल्याचा ‘धा’ पडून जायचा आणि शिट्टी मागून धापा टाकत पोहोचायची. मी कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, “शिट्टी बरोबर ग्रिडवर आहे, एक मिलीसेकंदही इकडेतिकडे नाही.” ग्रिड म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या उभ्या रेषा. पुन्हा कळवलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी तबला थोडा मागे सरकवून पाठवला, त्याने ठेकाच लंगडा झाला. प्रत्येक फेरीला चार-पाच दिवस जायचे, आणि माझंच लयीचं ज्ञान कच्चं आहे असा सूर त्या उत्तरांतून यायचा. मी रात्री हेडफोन लावून तेच आठ सेकंद ऐकत बसायचो.

शेवटी मी फाइल स्वतः `Reaper` या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि शिट्टीचा आलेख मोठा करून पाहिला. कारण डोळ्यांसमोर होतं. तबल्याची थाप सुरू होते त्याच क्षणी पूर्ण वाजते. शिट्टी तशी नाही. आधी वजनाखालून बारीक फुसफुस येते, मग वजन थरथरतं आणि मग ते उचललं जाऊन पूर्ण आवाज फुटतो. माझ्या शिट्टीत या चढणीला ०.४२ सेकंद लागत होते. ग्रिडवर बसवली होती ती फुसफुशीची सुरुवात, पण कान शिट्टी ‘आली’ म्हणतो तो आवाज फुटतो तेव्हा. ०.४२ सेकंद म्हणजे ७२ च्या लयीत जवळजवळ अर्धी मात्रा. उशीर खरा होता, आणि मला तो अर्ध्या मात्रेचा ऐकू येत होता!

गाणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मुखडा समेवर येतो, पण त्याची उचल समेच्या आधी असते. शिट्टीलाही उचल असते. ती आठव्या मात्रेच्या मध्यावर उचलली की आवाज समेवर फुटतो. `Reaper` मध्ये कर्सर आवाज फुटतो तिथे ठेवून `Item: Set snap offset to cursor` दिलं, की त्यापुढे तुकडा ग्रिडला सुरुवातीने न चिकटता त्या जागी चिकटतो. आलेखावर ती जागा नक्की सापडत नसेल तर डोळे मिटून शिट्टीवर दहा वेळा टाळी द्यावी. टाळ्या जिथे गोळा होतात ती जागा धरावी. माझ्या टाळ्या आलेखातल्या शिखराच्या किंचित आधी पडत होत्या आणि मी टाळ्यांचं ऐकलं.

लांबीचं राहिलं. आवाज फुटल्यापासून शिट्टी ३.८ सेकंदांची होती, मला चार मात्रा म्हणजे ३.३३ सेकंद हव्या होत्या. स्टुडिओत ती दाबून आखूड केली होती, तिला पत्र्याचा नाद आला होता. असं करायची गरजच नसते. वाफेच्या सूंकारात ठरलेला सूर जवळजवळ नसतो, त्यामुळे मधला अर्धा सेकंद सरळ कापावा आणि ४० मिलीसेकंदांचा क्रॉसफेड देऊन दोन्ही तुकडे एकमेकांत विरघळवावेत, जोड ऐकू येत नाही. फक्त चढणीला आणि शेवटाला हात लावू नये, ओळख त्या दोन टोकांतच असते.

आणि हे खरं तर शब्द लिहितानाच ठरवायला हवं. शिट्टी जिथे वाजते तिथे ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नाहीत, कारण दोन्ही उंच पट्टीतलाच फुत्कार आहेत. माझी ओळ होती, “सांज शिरते उंबऱ्याशी”. शिट्टीखाली तिचं “आंज इरते उंबऱ्याई” झालं. आवाज खाली-वर करून उपयोग झाला नाही. शेवटी ओळ समेच्या आधी संपवली आणि शिट्टीच्या चार मात्रा गळा बंद ठेवला.

पहिली आणि दुसरी शिट्टी सहा आवर्तनांच्या अंतराने आहेत. तिसरी मुद्दाम एक आवर्तन उशिरा ठेवली. ऐकणारा तोवर मोजायला लागलेला असतो, त्यामुळे त्या रिकाम्या आवर्तनात तो कान देऊन थांबतो. तिथे तबला बंद आहे, फक्त वजनाची बारीक थरथर वाजते. ती वेगळी घेतली होती, माइक एका मीटरवर आणून. तिसऱ्या शिट्टीच्या शेवटी वजन खाली बसताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो पाचव्या मात्रेवर पडतो. तिथून पुढे ठेका नाही, फक्त गळा आहे.