यकृताचा एक तुकडा आणि तीन खास रंजने: माझा अनुभव

सांगलीतील एका हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. काविळीने आजारी असलेल्या एका तरुणीच्या यकृताचा, सुईने काढलेला तुकडा मिरजेहून आमच्याकडे आला. एच अँड ई या नेहमीच्या रंजनात बऱ्याच ठिकाणी यकृतपेशी नाहीशा झालेल्या आणि त्यांच्या जागी फिकट गुलाबी पट्टे दिसत होते. हे पट्टे म्हणजे सिरोसिसचे जुने व्रण, की नुकत्याच मेलेल्या पेशींमागे उरलेला, खाली बसलेला सांगाडा, हे तेवढ्यावरून ठरेना, म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तुकडा बसवलेल्या मेणाच्या त्याच ब्लॉकमधून पीएएस, रेटिक्युलिन आणि इलास्टिक या तीन खास रंजनांसाठी पातळ सेक्शन कापायला सांगितले.

पीएएससाठी मी दोन स्लाइड घेतल्या आणि एकीवर आधी डायास्टेज हे विकर घातले. साध्या स्लाइडवर उरलेल्या यकृतपेशींमधील ग्लायकोजेन गडद किरमिजी दिसले. डायास्टेजने ते पचून गेल्यावर दुसऱ्या स्लाइडवर केवळ भक्षक पेशींमधले किरमिजी गोळे उरले. मेलेल्या पेशींचा कचरा अलीकडेच उचलला गेल्याची ती खूण होती.

पेशींना आधार देणाऱ्या बारीक तंतूंचा सांगाडा काळा दाखवणाऱ्या रेटिक्युलिनला माझा सर्वाधिक वेळ गेला. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया थेंबाथेंबाने घालत, आलेला गाळ जेमतेम विरघळेल तिथेच थांबावे लागते, कारण अमोनिया जास्त झाला तर तंतू फिके पडतात. नळाच्या पाण्यातील क्लोराइडने चांदीचा साका धरतो, म्हणून भांडी ऊर्ध्वपातित पाण्यानेच धुतली. हे द्रावण साठवल्यास स्फोटक होऊ शकते, त्यामुळे ते ताजेच करते आणि उरलेले मिठाच्या पाण्यात निकामी करून टाकते. स्लाइडवर काळे तंतू एकमेकांना खेटून बसलेले होते आणि रक्तवाहिन्या व पित्तनलिका असलेले पोर्टल ट्रॅक्ट एकमेकांजवळ आले होते. सांगाडा कोसळला होता, हे स्पष्ट झाले. मात्र कधी कोसळला, हे रेटिक्युलिन सांगत नाही.

ते लवचिक तंतू दाखवणारे इलास्टिक रंजन सांगते, कारण कोसळलेल्या भागात लवचिक तंतू तयार व्हायला काही महिने लागतात, तर जुन्या व्रणांत ते असतातच. इलास्टिकसाठी वापरलेल्या व्हरहॉफच्या रंजनात आधी सगळा सेक्शन काळा होतो आणि मग 2 टक्के फेरिक क्लोराइडने जादा रंग उतरवायचा असतो. बारीक तंतूंचा रंग सर्वांत आधी जातो, आणि तो गेला तर जुना व्रणही नवा वाटेल. म्हणून दर काही सेकंदांनी स्लाइड पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. पोर्टल ट्रॅक्टमधील धमनीच्या भिंतीची नागमोडी काळी रेघ आणि भोवतालचे बारीक तंतू ठसठशीत उरले होते, तर पट्ट्यांमध्ये एकही काळा तंतू नव्हता. त्याच स्लाइडवर ते बारीक तंतू रंगलेले होते, म्हणूनच पट्ट्यांतील अभाव खरा मानता आला.

मॅडमनी अहवालात सिरोसिस न लिहिता अलीकडील व्यापक पेशीनाश असे लिहिले, आणि इतक्या लहान तुकड्यावरून संपूर्ण यकृताची स्थिती ठरवता येत नाही, अशी नोंदही जोडली.